सगळे सगळ्यांशी खेळले नाहीत, तर पहिला कोण?

(रौप्य महोत्सवी क्रीडा सप्ताहात, निर्णायक सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला आज बोलायला उभं केलंय ते एका भांडणामुळे. भांडण गोड आहे, पण भांडण आहेच. रौप्य महोत्सवाचा चषक पंचवीस वर्षांतून एकदाच येतो, त्यामुळे अंतिम सामना कोण खेळणार यावरून गेले दोन दिवस आपल्याकडे दुधाच्या पिशव्या घेतानासुद्धा चर्चा चालू आहे. कार्यकारिणीने एक निर्णय दिला आणि मला सांगितलं, "सर, तुम्ही गणित शिकवलंय, हा निर्णय कसा आला ते सगळ्यांना समजेल असं सांगा." तेवढंच सांगतो.

आधी काय घडलं ते मांडतो, कारण बाहेरगावाहून आलेली पाहुणे मंडळीही बसली आहेत. आपल्या सहा ओळींचे सहा संघ. नावं नद्यांची: गोदावरी, पूर्णा, दुधना, कुंडलिका, गिरजा आणि सुखना. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर सहा गुणिले पाच भागिले दोन, म्हणजे १५ सामने होतात. रोज संध्याकाळी तीन सामने, पाच संध्याकाळी, असं वेळापत्रक होतं. अवकाळी पावसाने दोन संध्याकाळी खाल्ल्या. झाले फक्त ९ सामने. प्रत्येक संघ तीन-तीन सामने खेळला, पण प्रत्येकाचे तीन प्रतिस्पर्धी वेगळे.

निकाल असे.

पहिली संध्याकाळ: गोदावरीने पूर्णाला हरवलं, सुखनाने दुधनाला, कुंडलिकाने गिरजाला.
दुसरी संध्याकाळ: पूर्णाने दुधनाला हरवलं, गोदावरीने कुंडलिकाला, गिरजाने सुखनाला.
तिसरी संध्याकाळ: दुधनाने गोदावरीला हरवलं, पूर्णाने गिरजाला, कुंडलिकाने सुखनाला.

आता गुणतक्ता करा. गोदावरी, पूर्णा आणि कुंडलिका यांचे दोन-दोन विजय. दुधना, गिरजा आणि सुखना यांचा एक-एक. अंतिम सामन्यात जागा दोन आणि दावेदार तीन. मग कोणीतरी म्हणालं, नेट रनरेट काढा. काढला, तर कुंडलिका एक नंबरला आली, कारण तिने गिरजा आणि सुखना यांना मोठ्या फरकाने हरवलं होतं. लगेच पूर्णाच्या ओळीतून आवाज आला, "आम्हाला गिरजा आणि सुखना दोन्ही मिळाले असते तर आमचाही रनरेट तसाच झाला असता!"

हा आवाज रडीचा डाव नव्हता. मुद्दा बरोबर होता. गुणतक्ता फक्त किती जिंकले ते मोजतो, कोणाला हरवलं ते मोजत नाही. सगळे सगळ्यांशी खेळले असतील तर ते चालतं, कारण प्रत्येकाच्या वाट्याला तेच प्रतिस्पर्धी आलेले असतात. पण सामने अपुरे राहिले की एकाचा पेपर सोपा आणि दुसऱ्याचा अवघड, आणि मार्क मात्र एकाच तराजूत, अशी गत होते. रनरेटने ती गत सुधारत नाही, उलट वाढते. सोपा पेपर ज्याला आला तोच जास्त फरकाने जिंकणार.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०२२ पासून आयपीएलमध्ये दहा संघ आहेत. सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं तर ९० सामने होतील, म्हणून साखळीत ७० च ठेवले. प्रत्येक संघ पाच संघांशी दोनदा खेळतो आणि चार संघांशी एकदाच. म्हणजे तिथेही पेपर थोडा वेगवेगळाच असतो. बुद्धिबळात तर मोठ्या स्पर्धेत शंभर-शंभर खेळाडू असतात आणि फेऱ्या नऊ-दहा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणं शक्यच नाही.

त्यामुळे या प्रश्नाला पहिल्यांदा नीट हात घातला तो बुद्धिबळासाठीच. १९२९ साली अर्न्स्ट झर्मेलो नावाच्या जर्मन गणितज्ञाने बुद्धिबळ स्पर्धेच्या निकालांवरून खेळाडूंचं बळ कसं काढावं यावर एक निबंध लिहिला. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी या दोघांनी स्वतंत्रपणे तीच रीत मांडली, म्हणून आज तिला ब्रॅडली-टेरी पद्धत म्हणतात. नाव मोठं आहे, पण कल्पना आपल्या ओट्यावरची आहे.

कल्पना अशी. प्रत्येक संघाला एक आकडा द्यायचा, त्याला आपण 'बळ' म्हणू. दोन संघ भिडले की जिंकण्याची शक्यता त्यांच्या बळांच्या प्रमाणात वाटून घ्यायची. एकाचं बळ ३ आणि दुसऱ्याचं १ असेल, तर पहिला चारात तीन वेळा जिंकेल असं धरायचं. भागीदारीत नफा वाटतात ना, तसंच. बळ ३ च्या जागी ३० आणि १ च्या जागी १० लिहिलं तरी काही बिघडत नाही. महत्त्व प्रमाणाला आहे.

यातून एक गंमत होते. समजा, अ आणि ब चार वेळा खेळले आणि अ तीनदा जिंकला. म्हणजे अ ला ब च्या तिप्पट बळ. ब आणि क तीन वेळा खेळले आणि ब दोनदा जिंकला. म्हणजे ब ला क च्या दुप्पट बळ. आता अ आणि क एकमेकांसमोर कधीच आले नाहीत. तरी तीन गुणिले दोन, अ ला क च्या सहापट बळ आहे, म्हणजे ते भिडले तर सातात सहा वेळा अ जिंकेल, असा अंदाज आपण बांधू शकतो. मधल्या ब ने त्या दोघांची गाठ घालून दिली. न झालेल्या सामन्यांविषयी बोलायची सोय होते ती इथून.

आपल्या स्पर्धेत मात्र गाठी एकीत एक गुंतलेल्या आहेत. गोदावरीने पूर्णाला हरवलं, पूर्णाने दुधनाला आणि दुधनाने परत गोदावरीला! अशा वेळी सहा बळं अशी शोधायची की प्रत्येक संघाचे अपेक्षित विजय आणि प्रत्यक्ष विजय बरोबर जुळावेत. जुळणीची ही एकच अट. आणि हे गोल चक्र काही चमत्कार नाही. बळ जास्त म्हणजे दर वेळी विजय असं या पद्धतीत कुठेच म्हटलेलं नाही, शक्यता जास्त एवढंच म्हटलंय.

ही बळं काढायची कशी? सुरुवातीला सगळ्यांना १० द्या. मग एकेक संघ घ्या. त्याच्या प्रत्येक सामन्यासाठी दोन्ही संघांच्या बळांची बेरीज करा आणि एकाला त्या बेरजेने भागा. असे तीन सामन्यांचे तीन अपूर्णांक मिळवा. त्या संघाच्या विजयांना या बेरजेने भागलं की नवं बळ आलं. सहाही संघांचं झालं की नवे आकडे घेऊन पुन्हा तेच.

पहिल्या फेरीत सगळे सारखेच असल्याने दोन विजयवाल्यांना १३.३ आणि एक विजयवाल्यांना ६.७ मिळतात. म्हणजे पहिली फेरी हा आपला नेहमीचा गुणतक्ताच आहे. दुसऱ्या फेरीपासून प्रतिस्पर्धी कोण होते ते बोलायला लागतं. गोदावरीचे प्रतिस्पर्धी पूर्णा, कुंडलिका आणि दुधना, म्हणजे तिघांपैकी दोघे दमदार. तिची बेरीज ०.१२५ येते, आणि दोन भागिले ०.१२५ म्हणजे १६. पूर्णा आणि कुंडलिका यांची बेरीज ०.१३७५, त्यांना प्रत्येकी १४.५. खालच्या तिघांत दुधना आणि गिरजा ५.७ वर आणि सुखना ५ वर येते. ज्यांना पटत नसेल त्यांनी घरी वहीवर करून पाहावं, दहावीच्या मुलाला पंधरा मिनिटं लागतील. पुढे अशा बऱ्याच फेऱ्या कराव्या लागतात, ते काम संगणकाच्या तक्त्यावर केलं. शेवटी आकडे हलायचे थांबतात. सुखनाचं बळ १० च्या जवळपास धरलं तर पूर्णांकात ते असे थांबले:

गोदावरी ७०
पूर्णा ५२
कुंडलिका ४६
दुधना १५
गिरजा १३
सुखना १०

ताळा करून बघू. कुंडलिकाचे तीन सामने. गिरजाशी जिंकण्याची शक्यता ४६ भागिले ५९, म्हणजे ०.७८. सुखनाशी ४६ भागिले ५६, म्हणजे ०.८२. गोदावरीशी ४६ भागिले ११६, म्हणजे ०.४०. बेरीज बरोबर २.००. प्रत्यक्ष विजय किती? दोन. जुळलं. दुधनाचा करा: ०.१८ अधिक ०.२२ अधिक ०.६०, बरोबर १. तिचा विजयही एकच. असं सहाही जणांचं जुळतं. दशांशात दुसऱ्या घरात एखादा आकडा इकडेतिकडे होईल, तो आपण पूर्णांक घेतल्यामुळे.

आता खरा वाद. पूर्णा ५२ आणि कुंडलिका ४६. दोघांचेही विजय दोन. मग हा सहाचा फरक कुठून आला? कुंडलिकाच्या मंडळींनी हे ऐकावंच. तुम्ही दोघेही गोदावरीकडून हरलात. दोघांनीही गिरजाला हरवलंत. इथवर हिशोब समसमान. फरक एकाच सामन्याचा उरतो: पूर्णाने दुधनाला हरवलं आणि कुंडलिकाने सुखनाला. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच की दुधना दमदार की सुखना.

यावर परवा कुंडलिकाचा कर्णधार मला म्हणाला, "सर, सुखनाने दुधनाला हरवलंय की! मग सुखनाच भारी." मुद्दा बिनतोड वाटतो. पण दोघींचे बाकीचे सामने बघा. दुधनाने गोदावरीला हरवलं, म्हणजे तक्त्यात सगळ्यांत वर असलेल्या संघाला, आणि हरली ती पूर्णाकडून. सुखना हरली ती कुंडलिका आणि गिरजाकडून. दुधनाला तीनपैकी दोन सामने वरच्या फळीशी खेळावे लागले आणि त्यातला एक तिने जिंकला. एक समोरासमोरचा सामना सुखनाच्या बाजूने बोलतो, बाकीचे चार सामने दुधनाच्या बाजूने. पद्धत सगळ्यांचं ऐकून १५ विरुद्ध १० म्हणते.

पण आता पूर्णाच्या मंडळींनीही ऐकावं. ५२ आणि ४६ म्हणजे तुम्ही दोघे भिडलात तर ५२ भागिले ९८, शंभरात ५३ वेळा पूर्णा आणि ४७ वेळा कुंडलिका. याला कोणी आघाडी म्हणणार नाही, हे नाणं उडवण्याच्या जवळपासचंच आहे. शिवाय प्रत्येकाचे सामने तीनच झालेत. तीन सामन्यांवर काढलेलं बळ ही अंदाजाची गोष्ट आहे. एका झेलाने निकाल फिरला असता तर सगळे आकडे हलले असते. पद्धतीने क्रम दिला म्हणून तो दगडावरची रेघ होत नाही. बळांचं प्रमाण जवळजवळ सारखं आलं की पद्धतच सांगत असते, "मला या दोघांत निवड करता येत नाही."

म्हणून कार्यकारिणीने निर्णय दिला तो असा: गोदावरी थेट अंतिम सामन्यात, आणि पूर्णा विरुद्ध कुंडलिका एक निर्णायक सामना. जे मैदानावर ठरू शकतं ते तक्त्यावर ठरवायचं नाही, आणि मैदान मोकळं मिळालेली एकच जादा संध्याकाळ कुठल्या सामन्यावर खर्च करावी ते मात्र तक्त्यावरून ठरवायचं.

गोदावरीला तरी थेट का, असं कोणी विचारलं. तिची शक्यता पूर्णाविरुद्ध शंभरात ५७ आणि कुंडलिकाविरुद्ध ६०. हीसुद्धा फार मोठी आघाडी नाही. पण या दोन्ही संघांना ती प्रत्यक्ष मैदानात हरवून आलेली आहे. तिघांत एकच जागा थेट द्यायची तर ती तिलाच, यावर निदान त्या दोन ओळींनी वाद घातला नाही.

आता या पद्धतीची एक अडचण सांगतो. ती माहीत नसेल तर संगणक आकडे देतो आणि आपण फसतो.

आपण शहागडचे लोक. गोदावरीच्या या काठाला जालना जिल्हा, त्या काठाला बीड. मधे महामार्गाचा पूल आहे म्हणून इकडचा माल तिकडे आणि तिकडचा इकडे. पूल नसता तर या काठाचा भाव त्या काठाला कळला नसता. स्पर्धेचंही तसंच. आपल्या नऊ सामन्यांकडे बघा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना आपसात तीन सामने खेळले. कुंडलिका, गिरजा आणि सुखना आपसात तीन. हे झाले दोन काठ. मधे तीन पूल: गोदावरी-कुंडलिका, पूर्णा-गिरजा आणि दुधना-सुखना. हे तीन सामने पावसात गेले असते तर या काठाच्या संघांची त्या काठाच्या संघांशी तुलना कोणत्याही गणिताने झाली नसती.

रणजी करंडकाचं उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या हंगामात मुंबई आणि महाराष्ट्र एका गटात होते, विदर्भ दुसऱ्या गटात. साखळीत एका गटाचा संघ दुसऱ्या गटाशी खेळतच नाही. तेव्हा साखळी संपल्यावर मुंबई भारी की विदर्भ, हे त्या हंगामाच्या निकालांवरून सांगायची सोयच नव्हती. पूल बांधला तो बाद फेरीने. उपांत्य सामन्यात नागपूरला विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि पुढे करंडकही जिंकला.

आणि नुसता पूल पुरत नाही, त्यावरून वाहतूक दोन्ही बाजूंनी हवी. आपल्या तीन पुलांवर काय झालं? गोदावरी आणि पूर्णा जिंकल्या, पण सुखनाने दुधनाला हरवलं. समजा, तो सामनाही दुधनाने जिंकला असता. मग वरच्या तिघांना खालच्यांनी एकदाही हरवलं नाही असं झालं असतं. गणित म्हणालं असतं, वरचे किती पट भारी? शंभरपट? हजारपट? कितीही मोठा आकडा घेतला तरी त्याहून मोठा जास्त चांगला जुळतो. एखादा संघ एकही सामना न हरता राहिला तरी हेच होतं. अपराजित संघाचं बळ अनंताकडे पळतं, मग त्याने तिन्ही सामने दुबळ्यांशी खेळलेले का असेनात.

हे ओळखायचं कसं? दोन खुणा. संगणकावर फेऱ्या चालू असताना आकडे थांबतच नाहीत, दर फेरीला फुगत जातात. दुसरी खूण कागदावरची. सहा संघ गोलात लिहा आणि प्रत्येक विजेत्याकडून पराभूताकडे बाण काढा. कुठल्याही संघापासून निघून बाणांच्या दिशेने चालत बाकी सगळ्यांपर्यंत पोचता आलं पाहिजे. आपल्याकडे सुखनापासून निघा: दुधना, गोदावरी, कुंडलिका, गिरजा आणि परत सुखना. राहिली पूर्णा, तर गोदावरीकडून पूर्णाकडे आणि पूर्णाकडून दुधनाकडे बाण आहेच. सगळं गाव फिरून झालं. सुखनाच्या त्या एका विजयाने चषक काही सुखनाला मिळणार नाही, पण त्या विजयावाचून वरचा तक्ता तयारच झाला नसता. टाळ्या वाजवायच्या तर त्यांच्यासाठीही वाजवा.

हीच पद्धत रोजच्या रोज चालवली की बुद्धिबळाचं रेटिंग होतं. नाशिकचा विदित गुजराथी किंवा नागपूरची दिव्या देशमुख यांच्या नावापुढे जो आकडा दिसतो, तो अर्पाद एलो या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलेल्या रीतीचा. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. त्यात ४०० गुणांचा फरक म्हणजे दहास एक असं बळाचं प्रमाण. अपेक्षेपेक्षा जास्त जिंकलात तर गुण वाढतात, कमी जिंकलात तर घटतात. आपल्या ताळ्यात अपेक्षित आणि प्रत्यक्ष जुळवलं, तेच इथे डाव संपला की थोडं थोडं जुळवत जातात.

शेवटी पुढच्या वर्षासाठी क्रीडा समितीला एक सूचना. पाऊस येणारच नाही असं धरून वेळापत्रक करू नका. आधी एका गटाचे सगळे सामने संपवायचे आणि मग दुसऱ्या गटाचे, असं ठेवलंत आणि मधेच पाऊस आला, तर दोन काठ राहतील आणि पूल वाहून जाईल. या वर्षी रोज संध्याकाळी सहाही संघ खेळतील असं वेळापत्रक होतं, आणि पहिल्याच संध्याकाळी दुधना-सुखना हा एक पूल बांधला गेला. म्हणून दोन दिवस गेले तरी हिशोब करता आला. कुठल्याही दिवशी स्पर्धा थांबली तरी दोन्ही काठ जोडलेले राहतील, एवढं आधी बघा. आणि बरोबरी झाल्यास काय करायचं ते पहिला चेंडू पडण्याआधी फलकावर लिहा. निकाल लागल्यावर निवडलेली रीत कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी ज्याचं नुकसान होतं त्याला ती आपल्याविरुद्ध निवडली असंच वाटतं.

उद्या संध्याकाळी साडेसहाला पूर्णा विरुद्ध कुंडलिका. माझा तक्ता ५३ आणि ४७ म्हणतो, म्हणजे माझ्याकडे येऊन कोण जिंकणार हे विचारू नका. दोन्ही ओळींनी वेळेवर यावं, आणि पंचांचा निर्णय अंतिम राहील हे आजच कबूल करून घरी जावं.